पश्चिमेला रस्ता असलेला प्लॉट: अकोल्यातल्या एका घराची दिशा आणि खिडक्या

अकोल्याच्या बाहेरच्या अंगाला नव्याने पडलेल्या लेआउटमधला हा प्लॉट. ४० बाय ६० फूट, रस्ता पश्चिमेला. रस्त्याकडची बाजू ४० फुटांची आणि प्लॉट पूर्वेकडे ६० फूट खोल. घरमालक शाळेत शिक्षक, बाई बँकेत. घरात त्यांचे वडील आणि दोन मुलं. ते माझ्याकडे आले तेव्हा एक तयार नकाशा हातात होता. समोर मोठा हॉल आणि त्याला रस्त्याकडे सहा फुटी सरकती खिडकी, नैऋत्येला बेडरूम आणि तिलाही रस्त्याकडे पाच फुटी खिडकी, स्वयंपाकघर आग्नेयेला. उत्तर-दक्षिणेला जेमतेम दोन-दोन फुटांच्या खिडक्या, कारण "बाजूला तर शेजाऱ्याची भिंतच दिसणार". शहरात होणाऱ्या दहापैकी आठ घरांचा नकाशा असाच असतो. घराचा चेहरा रस्त्याकडे, म्हणून काचही रस्त्याकडे.

रस्ता पूर्वेला असता तर हा नकाशा एक वेळ चालून गेला असता. अकोल्यात पश्चिमेला तो चालत नाही. का, ते आधी सांगतो, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावरच उभा आहे.

अकोला साधारण २०.७ अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली. मेच्या २३-२४ तारखेच्या सुमारास सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि तिथून जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत दुपारी किंचित उत्तरेकडेच असतो. याचा अर्थ असा की, आपल्याकडच्या खऱ्या उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला दुपारचं ऊन जवळजवळ लागतच नाही. ते सगळं स्लॅबवर पडतं. भिंतींना ऊन लागतं ते सकाळी पूर्वेकडून आणि दुपारनंतर पश्चिमेकडून. पूर्व आणि पश्चिम यांना मिळणारं ऊन मोजलं तर सारखंच भरतं. फरक वेळेचा आहे. सकाळी आठला हवा अजून सोसण्यासारखी असते आणि भिंत रात्रभर निवलेली असते. दुपारी चारला हवा ४३-४४ अंशांवर असते, स्लॅब तापून झालेला असतो आणि तेव्हा पश्चिमेचं ऊन समोरून खिडकीत घुसतं.

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ साली घरांसाठी इको-निवास संहिता काढली. तिच्यात प्रत्येक दिशेच्या काचेतून येणाऱ्या उन्हाला एक गुणक दिलेला आहे. कर्कवृत्ताच्या खालच्या भागासाठी तो उत्तरेला साधारण ०.६६, दक्षिणेला ०.९७ आणि पूर्व-पश्चिमेला १.१६ आहे. दक्षिणेचा आकडाही उन्हाळ्यामुळे नव्हे, हिवाळ्यातल्या कलत्या उन्हामुळे वाढलेला आहे, आणि ते ऊन आपल्याला हवंच असतं. त्यामुळे "दक्षिण तापते" ही आपल्याकडची भीती मला कधी पटलेली नाही. इथे तापते ती पश्चिम.

पहिलं काम दिशा नीट शोधण्याचं. लेआउटच्या नकाशावर बाण असतो, पण अकोल्याकडचे लेआउट जुन्या शेतांवर पडतात आणि रस्ते धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला धरून काढतात. धुरा काही दिशा बघून घातलेला नसतो. फेब्रुवारीत आम्ही प्लॉटच्या मधोमध एक सरळ बांबू ओळंब्यात उभा केला. त्या दिवसांत अकोल्यात सूर्याची खरी दुपार बारा वाजता नाही, १२.३५ च्या आसपास होते. त्या वेळी पडलेल्या सावलीची रेघ म्हणजे खरी उत्तर-दक्षिण. हेच मेमध्ये करायला गेलात तर दुपारची सावली बांबूच्या बुडाशीच मावते आणि दिशा कळत नाही. तेव्हा सकाळी आणि दुपारनंतर सारख्या लांबीची सावली दोनदा खुणावून मधली रेघ काढावी लागते. मोबाइलचा होकायंत्रही चालतो, कारण आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम अंशाभराचा फरक आहे. फक्त गाडी, बोअरचा पाइप आणि सळयांचा ढीग यांपासून दूर उभं राहायचं.

रेघ मारल्यावर दिसलं की रस्ता सरळ पश्चिमेला नाही. घराचं तोंड पश्चिमेपासून १२ अंश दक्षिणेकडे वळलेलं आहे. म्हणजेच मागची-पुढची भिंत जेवढी वळली तेवढीच उत्तरेची भिंतही वळली, आणि तिचा चेहरा १२ अंश पश्चिमेकडे गेला. कागदावर हे किरकोळ वाटतं. उत्तरेच्या खिडक्यांपाशी आल्यावर ते किरकोळ राहत नाही.

आता तयार नकाशातल्या त्या दोन मोठ्या खिडक्या. मेच्या मध्यावर, घड्याळात चार वाजून वीस मिनिटांनी, सूर्य क्षितिजापासून साधारण ३४ अंश वर असतो. दोन फुटांचा छज्जा तेव्हा खिडकीवर दीड फुटाची सावली पाडतो. पाच वाजून वीस मिनिटांनी सूर्य २० अंशांवर उतरतो आणि तीच सावली पाऊण-एक फुटावर येते. चार फूट उंचीची खिडकी तेव्हाही पूर्ण सावलीत हवी असेल तर छज्जा दहा फुटांचा लागेल. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा टाकून "ऊन अडवलं" म्हणणाऱ्याने एकदा मेमध्ये पाचला तिथे उभं राहून पाहावं. दोन्ही खिडक्यांची मिळून काच जवळपास ४४ चौरस फूट होत होती. छज्जाची सावली वजा केली तरी चारच्या सुमाराला त्यातून आत येणारी उष्णता ढोबळ हिशेबाने दीड किलोवॉटच्या घरात जाते. हजार वॉटची एक इस्त्री आणि वर अर्धी, अशी तीनेक तास घरात चालू ठेवल्यासारखं. पडदा लावून ती परत जात नाही. काचेच्या आत आलेलं ऊन पडद्यावर पडलं तरी उष्णता खोलीतच राहते. अडवायचं तर काचेच्या बाहेर.

हे मी सरांना कागदावर काढून दाखवलं. त्यांचा प्रश्न रास्त होता: "मंग समोरून घर आंधळं दिसन नं भाऊ? लोक काय म्हणतीन, गोडाऊन बांधलं का?" वडिलांचा आक्षेप वेगळा होता. त्यांना दक्षिणेला खिडक्या नको होत्या आणि बेडरूम मात्र नैऋत्येलाच हवी होती.

प्लॉटची एक गोष्ट मात्र आमच्या बाजूची होती. तो पूर्व-पश्चिम लांब आहे. घराची लांब भिंत आपोआप उत्तर-दक्षिणेला येते आणि पश्चिमेला आखूड भिंत राहते. आम्ही घर ४२ फूट लांब आणि २८ फूट रुंद धरलं. उरलेले १२ फूट दोन्ही बाजूंना सहा-सहा न वाटता दक्षिणेला ५ आणि उत्तरेला ७ ठेवले. उत्तरेच्या त्या जास्तीच्या जागेचं कारण कूलर. त्याकडे येतो.

पश्चिमेची २८ फुटांची भिंत दोन भागांत वाटली. वायव्येकडच्या १४ फुटांत घर दहा फूट मागे घेतलं आणि तिथे पोर्च केला. नैऋत्येकडच्या १४ फुटांत जिना, आणि जिन्याखाली कोठीघर. जिन्याच्या मागे बेडरूम. वडिलांना जिना नैऋत्येला चालत होता, उलट वास्तूप्रमाणे तिथे वजन हवंच म्हणाले. बेडरूम घराच्या नैऋत्य भागातच राहिली, फक्त तिच्या आणि उन्हाच्या मध्ये सात फुटांचा जिना आला.

हा जिना मला खिडकीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. नऊ इंची विटेची भिंत ऊन लगेच आत देत नाही. बाहेरून आलेली उष्णता आतल्या अंगाला पोचायला सहा-सात तास घेते. पश्चिमेच्या भिंतीला चारला लागलेलं ऊन आत जाणवतं ते रात्री दहा-अकराला, नेमकं अंथरुणावर पाठ टेकताना. अकोल्यात कुणाच्याही पश्चिमेच्या बेडरूममध्ये मेमध्ये रात्री साडेदहाला भिंतीला तळहात लावून बघा. बाहेर वाऱ्यावर बरं वाटत असतं आणि भिंत मात्र कोमट लागते. जिन्याची भिंत अशी तापली तर तापू द्या, तिथे कुणी झोपत नाही. जिन्याला पश्चिमेकडे विटांची जाळी दिली, त्यामुळे आतली गरम हवा वर निघून जाते आणि समोरून घर आंधळंही दिसत नाही. सरांचा गोडाऊनचा प्रश्न त्या जाळीने सुटला.

पोर्चचं गणित वरकरणी सोपं आहे, पण त्यात एक मेख आहे. दहा फूट खोल पोर्च म्हणजे वर सांगितलेला दहा फुटांचा छज्जाच, असं वाटतं. पण तो हिशेब छज्जा खिडकीच्या माथ्याला लागून असेल तर खरा. पोर्चचा स्लॅब दहा फुटांवर असतो आणि खिडकीचा माथा सातवर. त्या तीन फुटांतून ऊन खाली उतरतं. चार-वीसला ते हॉलच्या भिंतीवर पावणेतीन फुटांपर्यंतच चढतं, खिडकीच्या खालीच राहतं. पाच-वीसला मात्र सहा फुटांपर्यंत येतं. म्हणून पोर्चच्या पुढच्या कडेचा बीम दीड फूट खाली लोंबता ठेवला. त्याने ही रेघ साडेचार फुटांवर येते. उरलेलं ऊन बांबूच्या पट्ट्यांच्या पडद्याने, म्हणजे चिकेने अडतं, जी एप्रिल ते जून खाली सोडायची. सूर्य तेव्हा वायव्येकडे कललेला असल्याने पोर्चच्या उघड्या उत्तर बाजूनेही तिरपी किरणं आत येतात, तिथे अर्ध्या उंचीवरून जाळी केली.

पोर्चमधून हॉलला काचेची खिडकी दिली नाही. दिली ती तीन फुटी, भरीव लाकडी पल्ल्यांची, आतून जाळी. हिचं कारण रात्रीचा वारा. उन्हाळ्यात आपल्याकडे वारं बहुतेक पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येतं. दिवसा ते नकोच असतं, भट्टीतलं असतं. रात्री साडेनऊ-दहानंतर हेच वारं घर निववतं. पश्चिमेची भिंत पूर्ण बंद केली की दिवसाचा ताप वाचतो, पण रात्रीचा वारा जातो. भरीव पल्ला दिवसा भिंतीचं काम करतो आणि रात्री खिडकीचं. सरकत्या काचेची खिडकी या कामाला निरुपयोगी. चार फुटांची घेतली तरी एका वेळी दोनच फूट उघडते. सगळ्या खिडक्या बाहेर उघडणाऱ्या पल्ल्यांच्या करायच्या यावर मी अडून बसलो, आणि बाईंनी साथ दिली म्हणून ते झालं. ग्रिल आतल्या बाजूला आलं.

आता उत्तर. हॉलच्या आणि ईशान्येकडच्या खोलीच्या मोठ्या खिडक्या इथे. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो, डोळ्यांना त्रास नाही. पुस्तकांत इथे सावलीची गरज नाही असं लिहिलेलं असतं, आणि ते दिल्लीच्याही वरच्या, दूरच्या देशांना जास्त लागू आहे. आपल्याकडे मार्चनंतर सूर्य रोज पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. त्यात ही भिंत १२ अंश पश्चिमेकडे वळलेली. मेच्या मध्यावर पाच-वीसला ऊन या भिंतीच्या रेघेपासून २५ अंश समोरून येतं आणि खिडकीत तिरपं शिरतं. आडवा छज्जा त्याला अडवत नाही, कारण सूर्य खाली आणि बाजूला आहे. त्याला लागतो उभा छज्जा, खिडकीच्या पश्चिमेकडच्या कडेला. चार फूट रुंद खिडकीला २५ अंशांच्या उन्हासाठी तो पावणेदोन ते दोन फूट बाहेर यायला हवा. तीन फुटी खिडकीला दीड फूट पुरतो. पूर्वेकडच्या कडेला काहीच लागत नाही. भिंत वळलेली असल्यामुळे सकाळचं ऊन तिला थोडा वेळ आणि अगदी घसटून लागतं.

इथेच साइटवर गडबड झाली. नकाशात खिडकीच्या एकाच बाजूला उभी पट्टी काढलेली होती, आणि मिस्त्रीशी बोलताना ठेकेदाराने "डावीकडं" सांगितलं. नकाशा आतून बघितला की पश्चिम डावीकडे येते. मिस्त्री बाहेर पाडावर उभा होता, त्याची डावी म्हणजे पूर्व. पहिल्या खिडकीची सळई बांधून सेंट्रिंग लागलं होतं. काँक्रीट पडायच्या आधी संध्याकाळी मी तिथे गेलो, तर ऊन खिडकीत सरळ आत आणि पट्टीचा साचा पलीकडच्या बाजूला. सेंट्रिंग काढून पुन्हा लावलं. तेव्हापासून भिंतीवर खडूने "रस्त्याच्या बाजूला" असं लिहून घेतलं. डावं-उजवं साइटवर बोलूच नये.

कूलर हा या घराच्या हवेचा खरा आधार. विदर्भात खिडकी आखताना कूलर कुठे बसणार हे आधी ठरवायला हवं, पण नकाशात तो कधीच नसतो. मग मेमध्ये जी खिडकी मोकळी सापडेल तिथे लोखंडी स्टँडवर तो चढतो, बहुतेक वेळा पश्चिमेला, उन्हात. इथे हॉलच्या उत्तरेला मोठ्या खिडकीशेजारी तीन बाय तीनची वेगळी खिडकी फक्त कूलरसाठी ठेवली. बाहेर ओटा, नळाचं कनेक्शन, पाणी वाहून जायला नाली. उत्तरेचे ते सात फूट याचसाठी, की कूलर बसल्यावरही बाजूने माणूस जाईल आणि कूलरला खेचायला मोकळी हवा राहील.

कूलर जेवढी हवा आत ढकलतो तेवढी बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर तासाभरात घर चिकट होतं. ती वाट दक्षिणेला. हॉलमधून हवा बेडरूममध्ये आणि स्वयंपाकघरात जाते आणि दक्षिणेच्या भिंतीतल्या उंचावरच्या झडपांतून बाहेर पडते. बेडरूमचं दार बंद असलं तरी हवा जावी म्हणून दारावर झरोका ठेवला. ही झरोक्याची पद्धत जुन्या घरांत होती, फ्लश दारांच्या काळात गेली. झडपांचं एकूण क्षेत्र कूलरच्या तोंडापेक्षा कमी ठेवलं नाही.

दक्षिणेच्या खिडक्यांवरून वडिलांशी बरंच बोलणं झालं. त्यांच्या श्रद्धेला मी हात घातला नाही. दोन फुटांचा छज्जा खिडकीच्या अगदी माथ्याला लागून टाकला तर काय होतं एवढंच दाखवलं. एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन काचेला शिवत नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर, त्या चिकट उकाड्यातही, चार फुटांची खिडकी जवळपास पूर्ण सावलीत असते. डिसेंबरमध्ये दुपारी सूर्य ४६ अंशांवरच असतो, तेव्हा छज्जाची सावली दोन फुटांवर संपते आणि खालचा अर्धा भाग ऊन आत घेतो. वडिलांना सकाळी उन्हात बसायची सवय. त्यांनी शेवटी एकच अट घातली, की खिडकी असू द्या पण दार नको. ते आम्हाला चाललं.

ठेकेदारांची एक सवय इथेही आडवी आली. छज्जा स्लॅबच्या सोयीने खिडकीच्या माथ्यापासून फूटभर वर घ्यायचा. तेवढ्याने सावलीची रेघ फूटभर वर सरकते आणि ऑक्टोबरचं ऊन आत येतं. लिंटेलबरोबरच छज्जा ओतायचा, हे लिहून दिलं. पूर्वेला स्वयंपाकघराची लहान खिडकी आणि ईशान्येच्या खोलीची एक. सकाळी नऊपर्यंत ऊन येतं, ते येऊ दिलं.

घर राहायला लागून एक उन्हाळा गेला. संध्याकाळी हॉलमध्ये बसवतं आणि बेडरूमची भिंत रात्री हाताला गार लागते. पण घर एकमजली आहे आणि वरचा स्लॅब उघडा. मेमध्ये सूर्य डोक्यावर असतो, म्हणजे घराच्या सगळ्या बाजूंत सर्वांत जास्त ऊन स्लॅबच खातो, आणि खिडक्यांची जागा कितीही विचाराने ठरवली तरी त्याला हात लागत नाही. ओळखायचं सोपं आहे. रात्री आठला स्टुलावर चढून छताला हात लावा, मग भिंतीला. छत जास्त गरम लागलं तर आता भिंतीवर पैसे घालण्यात अर्थ नाही. इथे छतच गरम लागत होतं. मार्चमध्ये वर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले, त्याने फरक पडला, पण पावसाळ्यात तो धुऊन जातो आणि दर वर्षी द्यावा लागतो. पैसे हाताशी आले की फुटलेल्या पांढऱ्या टाइल्सचं मोझॅक करायचं ठरलं आहे.

दुसरी अडचण शेजारची. उत्तरेचा प्लॉट आज रिकामा आहे. तिथे दोन मजली घर झालं की कूलरची मोकळी हवा कमी होईल आणि हॉलचा उजेडही. आपल्याकडचे सात फूट आणि त्यांचे असतील तेवढे, एवढंच अंतर राहील. म्हणून हॉलच्या उत्तरेच्या मोठ्या खिडकीवर नऊ फुटांपर्यंत एक लहान काचेची पट्टी आत्ताच ठेवून दिली आहे, म्हणजे खालून भिंत आली तरी वरचं आकाश दिसत राहील. समोर रस्त्याकडेला कडुनिंब लावला आहे. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतो आणि ऊन चढेपर्यंत पुन्हा भरतो, पण पोर्चवर सावली धरायला त्याला अजून पाच-सहा वर्षं लागतील. तोवर चिका सोडायच्या.